जुन्या फोनवर तुमचं मराठी उत्तर कसं दिसतं: तपासायचं कसं, लिहायचं कसं

कामानिमित्त लोकांना मराठीत उत्तरं पाठवावी लागतात आणि समोरून कधी "काही कळलं नाही", कधी "नुसते चौकोन आले", तर कधी काहीच येत नाही. असं होत असेल तर आधी एक लक्षात घ्या. तुमच्या पडद्यावर जे दिसतं, ते समोरच्याच्या पडद्यावर दिसेलच असं नाही. तुम्ही पाठवता ती अक्षरांच्या क्रमांकांची एक रांग असते. तिचं चित्र समोरचा फोन स्वतः काढतो आणि जुन्या फोनला ते चित्र नेहमी नीट काढता येत नाही.

हा लेख नव्याने असं काम करू लागलेल्यांसाठी आहे. फोन दुरुस्त कसा करायचा हे यात नाही, कारण तो बहुधा तुमच्या हातात नसतोच. बिघाड कुठे आहे हे ओळखायचं कसं आणि त्यानुसार उत्तर कसं लिहायचं, एवढंच इथे आहे.

## काय लागेल

- एक सध्याचा फोन. यावर मराठी नीट दिसते याची तुम्हाला खात्री हवी.
- जमल्यास एक जुना स्मार्टफोन आणि एक बटणांचा फोन. घरात पडून असलेला, तडा गेलेला असला तरी चालेल.
- खाली दिलेली चाचणीची ओळ.
- अक्षरं मोजायची सोय. बऱ्याच फोनांत एसएमएस लिहिताना कोपऱ्यात उरलेल्या अक्षरांचा आकडा दिसतो, तो पुरतो.

## १. आधी लक्षण नीट विचारा

"मराठी दिसत नाही" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. म्हणून नेमकं काय दिसतं ते विचारा.

सगळे चौकोन. फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. साधारण अँड्रॉइड ४.० च्या (२०११) आधीच्या बऱ्याच फोनांची ही अवस्था होती. कंपनीने स्वतःहून फॉन्ट घातला असेल तरच अक्षरं दिसत. मजकूर मात्र शाबूत असतो, फक्त दिसत नाही.

सगळी प्रश्नचिन्हं. दिसायला हे चौकोनांसारखंच वाटतं, पण प्रकरण फार वेगळं आहे. वाटेतल्या एखाद्या यंत्रणेला मराठी अक्षरं ठेवता आली नाहीत आणि तिने प्रत्येकाच्या जागी `?` लिहून टाकलं. मूळ अक्षरं तिथेच संपली. समोरच्याने नवा फोन घेतला तरी ती परत येणार नाहीत. इथे फोनला दोष देऊ नका. तुम्ही ज्या सेवेतून किंवा सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवता ते तपासा.

`à¤®à¤°à¤¾` असलं काहीतरी. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, आणि त्या पद्धतीतला मजकूर इथे चुकीच्या पद्धतीने वाचला गेलाय. हाही पाठवण्याच्या मार्गातला दोष आहे.

अक्षरं दिसतात, पण वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरं मोडलेली. सगळ्यात जास्त गैरसमज याच प्रकारात होतात, म्हणून पुढचा बराचसा लेख याच्यावरच आहे.

एखादंच अक्षर चौकोन, बाकी सगळं ठीक. फॉन्ट आहे, पण त्या अक्षराहून जुना आहे.

## २. मजकूर परत मागवा

लक्षण कळलं की समोरच्याला दोन गोष्टी मागा. एक, पडद्याचा फोटो. बटणांच्या बऱ्याच फोनांवर स्क्रीनशॉट निघत नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या फोनने काढलेला फोटोही चालेल. दोन, तोच मेसेज तुम्हाला जसाच्या तसा परत पाठवायला सांगा, म्हणजे फॉरवर्ड करायला.

फोटोत त्यांना काय *दिसतं* ते कळतं, फॉरवर्डमध्ये त्यांच्याकडे काय *आहे* ते कळतं. फोटोत चौकोन आणि तुमच्याकडे परत आलेला मेसेज स्वच्छ मराठीत, तर मजकूर नीट पोचलाय आणि अडचण फक्त दाखवण्यात आहे. परत आलेल्या मेसेजमध्येही प्रश्नचिन्हंच असतील तर अक्षरं वाटेतच गेली. नुसत्या फोटोवरून निष्कर्ष काढू नका, चौकोन आणि प्रश्नचिन्ह यांत लोकांची सर्रास गल्लत होते.

शक्य असेल तिथे ही ओळ पाठवून बघा. ती मुद्दाम लहान ठेवली आहे, म्हणजे एका एसएमएसमध्ये मावते:

```
दिवस कार्य ज्ञान दुसऱ्या ॲप ₹ 25 २५
```

यातला प्रत्येक शब्द एक वेगळी गोष्ट तपासतो. "दिवस" हा शब्द "दविस" असा दिसला तर फोन वेलांटी मागे नेत नाही. "कार्य"मध्ये रफार वर न जाता पाय मोडलेला र मधेच उभा असेल आणि "ज्ञान"मध्ये ज् आणि ञ वेगळे असतील, तर जोडाक्षरं बनत नाहीत. "ॲप"मधलं पहिलं अक्षर चौकोन दिसलं, तर फॉन्ट जुना आहे, कारण ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. ₹ हे चिन्ह तर त्याहून नवं, २०१० चं. आणि 25 नीट पण २५ च्या जागी दोन चौकोन, म्हणजे देवनागरी अजिबातच नाही.

## ३. वेलांटी का पळते ते समजून घ्या

मराठी मजकूर साठवला जातो तो बोलण्याच्या क्रमाने. "दिवस"मध्ये आधी द, मग पहिली वेलांटी, मग व, मग स. वेलांटी काढायची मात्र द च्या आधी. हा हलवाहलवीचा उद्योग फोनच्या आत एक वेगळा भाग करतो. तोच रफार वर चढवतो आणि जोडाक्षरं जुळवतो. अँड्रॉइडमध्ये हे काम हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं. हा भाग नसेल किंवा अर्धवट असेल, तर फोन अक्षरं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने एकापुढे एक मांडतो. वेलांटीची कमान उजवीकडे वळलेली असल्यामुळे ती पुढच्या अक्षरावर जाऊन बसते आणि वाचणाऱ्याला "दविस", "नयिम" असं दिसतं.

इथेच एक सापळा आहे. लोकांना वाटतं, चांगला मराठी फॉन्ट टाकला की झालं. फॉन्टमुळे चौकोन जातील, पण मांडणी करणारा भागच नसेल तर वेलांटी जागची हलणार नाही. शिवाय बऱ्याच जुन्या अँड्रॉइड फोनांत फॉन्ट बदलायला आधी फोन रूट करावा लागतो, म्हणजे कंपनीने घातलेली बंधनं तोडावी लागतात. त्या भानगडीत वयस्कर माणसाला पाडू नका. फोन बंद पडायचा आणि वर फॉन्टच्या नावाखाली कुठलंतरी भलतंच अ‍ॅप त्यांच्याकडे बसायचं.

एकाच फोनवर एका अ‍ॅपमध्ये मराठी नीट आणि दुसऱ्यात मोडकी, असंही होतं, कारण काही अ‍ॅप मांडणीचं काम स्वतः करतात. एके काळी ऑपेरा मिनी ब्राउझरमध्ये `opera:config` लिहून एक पर्याय चालू केला की अशा लिप्यांचा मजकूर चित्र होऊन यायचा आणि ज्या फोनला मराठीचा गंध नाही त्यावरही वाचता यायचा. तेव्हा "फोनवर मराठी दिसते का" असं न विचारता "मेसेजमध्ये दिसते का" असं विचारा.

## ४. आलेलं उत्तर वाचायला शिका

समोरच्याचं मराठी उत्तर हे त्याच्या फोनचं निदान करायचं सगळ्यात सोपं साधन आहे.

समजा उत्तर आलं: "मी िदवसा येईन." तुमच्या फोनवर वेलांटीशेजारी ठिपक्यांचं तुटक वर्तुळ दिसेल. लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही असं समजू नका. त्याचा फोन वेलांटी हलवत नाही, म्हणून त्याने नीट टाइप केलेलं त्यालाच चुकीचं दिसलं. मग त्याने वेलांटी आधी टाकली आणि त्याच्या पडद्यावर ते बरोबर दिसू लागलं. तुमचा फोन मात्र नियमाने चालतो. शब्दाच्या सुरुवातीला आलेल्या वेलांटीला टेकायला व्यंजन सापडत नाही, म्हणून तो ठिपक्यांचं वर्तुळ काढून तिला आधार देतो.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली, अशा माणसाला उत्तर पाठवताना पायरी ६ मधली काळजी घ्यायची. दुसरी, त्याचा मजकूर तुम्ही कुठे नोंदवून ठेवणार असाल तर वेलांटी योग्य जागी आणूनच ठेवा. नाहीतर पुढे "दिवसा" शोधायला जाल तर ही नोंद सापडणार नाही, कारण यंत्राच्या लेखी तो वेगळाच शब्द आहे.

निदान पक्कं करण्याआधी आणखी दोन शक्यता तपासून घ्या. टाइपरायटरच्या सवयीचे लोक वेलांटी आधीच मारतात. त्यांच्यासाठीचा कीबोर्ड ती नंतर जागेवर नेतो, पण साध्या कीबोर्डवर हात त्याच सवयीने चालला तर हाच घोटाळा होतो. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरातही वेलांट्या अशा सुट्या होऊन येतात. एका मेसेजमध्ये एकदाच असं दिसलं तर सोडून द्या. प्रत्येक पहिल्या वेलांटीला तसंच होत असेल तर फोन किंवा सवय.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा इशारा. त्यांना नीट दिसावं म्हणून तुम्ही उलट्या क्रमाने लिहू नका. मोह होतो, कारण त्या एका फोनवर ते खरंच छान दिसतं. पण तो मेसेज त्यांनी मुलाला पुढे पाठवला, किंवा फोन बदलला, की सगळी वर्तुळंच वर्तुळं. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो मजकूर धड वाचता येत नाही. मजकूर कायम बरोबर क्रमाने लिहा, जुळवून घ्यायचं ते शब्दांच्या निवडीत.

## ५. लांबी मोजा, पण दिसणाऱ्या अक्षरांची नाही

उत्तर एसएमएसने जात असेल तर ही पायरी टाळू नका. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर आलं की अख्ख्या मेसेजची मर्यादा ७० वर येते. त्याहून लांब मेसेजचे तुकडे होतात आणि जोडणीची माहिती सोबत न्यावी लागत असल्यामुळे प्रत्येक तुकड्यात ६७ च बसतात.

शिवाय मोजणी कान्यामात्रांसकट होते. "विद्यार्थी" आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द वाटतो: वि, द्या, र्थी. मोजणीत तो दहा होतो, कारण वेलांट्या, काना आणि पाय मोडल्याची दोन्ही चिन्हं वेगवेगळी धरली जातात. संगणकावर पायथन असेल तर खात्री करून घ्या, उत्तर 10 येतं:

```python
len("विद्यार्थी")
```

आता एक खरंखुरं वाटावं असं उत्तर घेऊ:

> नमस्कार. तुमचा अर्ज मिळाला आहे. दुसऱ्या टप्प्यासाठी मूळ कागदपत्रे घेऊन सोमवारी सकाळी ११ वाजता कार्यालयात या.

मोजलं तर हे १०८ होतं, म्हणजे दोन तुकडे. पहिला तुकडा ६७ वर तुटतो आणि ६७ वं अक्षर आहे "घेऊन"मधला घ. त्याची मात्रा दुसऱ्या तुकड्यात जाते. चांगला फोन दोन्ही तुकडे जोडून एकच मेसेज दाखवतो, तिथे काहीच कळत नाही. जो जोडत नाही त्यावर पहिला मेसेज "मूळ कागदपत्रे घ" असा संपतो आणि दुसरा एका अनाथ मात्रेने सुरू होतो. कधी दुसरा तुकडा आधी येऊन बसतो. आणि दिवस, वेळ, ठिकाण हे सगळं नेमकं त्या दुसऱ्यातच आहे.

## ६. उत्तर नव्याने लिहा

तेच उत्तर असं लिहून बघा:

> अर्ज पोचला. मूळ कागद घेऊन सोमवारी सकाळी 11 वाजता कार्यालयात या.

हे ६३ आहे, म्हणजे एकाच एसएमएसमध्ये मावतं. नुसतं लहान केलं नाही, आणखीही काही बदललंय, ते एकेक करून बघा.

"मिळाला"च्या जागी "पोचला" आलं, कारण मिळालातली पहिली वेलांटी मोडक्या फोनवर ळ वर जाऊन बसते. आता अख्ख्या मेसेजमध्ये एकही पहिली वेलांटी नाही. दरवेळी हे जमणार नाही, अट्टहासही करू नका. पण ज्या शब्दावर उत्तराचा अर्थ टेकलेला आहे तो तरी असा निवडावा. दुसरी वेलांटी, काना आणि मात्रा यांची चिंता नाही, ती अक्षराच्या नंतर किंवा वरच येतात आणि जागा सोडत नाहीत.

"टप्प्यासाठी" गेलं. तीन व्यंजनांचं जोडाक्षर सुटं झालं की पाय मोडलेल्या अक्षरांची रांग लागते आणि वाचणारा अडखळतो. "कार्यालयात" मात्र ठेवलं. ते मोडून "कार्‌यालयात" असं दिसलं तरी कुणाचाही गोंधळ होत नाही. सगळीच जोडाक्षरं काढायला गेलात तर मराठी बोबडी होते आणि लोकांना ते अपमानास्पद वाटू शकतं.

आकडा 11 असा लिहिला. मराठीत ११ लिहिणं मलाही जास्त आवडतं, पण ज्या फोनवर देवनागरी नाही तिथे आकडाही चौकोन होतो. इंग्रजी आकडे सगळ्या फोनांवर दिसतात, त्यामुळे निदान वेळ तरी पोचते. तारीख, फोन नंबर आणि रक्कम यांना हाच नियम लावा. रकमेला ₹ ऐवजी "रु." लिहा.

"दुसऱ्या" इथे काढलं ते लांबीसाठी. एरवी अशा शब्दांतला आडवा र जपून टाइप करा. तो लिहायच्या दोन पद्धती चालतात: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याचा पाय मोडतात, दुसरीत साध्या र चा पाय मोडून मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. चांगल्या फोनवर दोन्ही सारखीच दिसतात. पण जुन्या फोनने ते न दिसणारं चिन्ह दुर्लक्षलं तर रफार तयार होतो आणि "दऱ्या"चा "दर्या" होऊन बसतो. ऱ वापरला तर फार तर खाली टिंब असलेला र पाय मोडून दिसेल, ओबडधोबड, पण अर्थ न बदलणारा. म्हणून ऱ च वापरा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो शिफ्ट दाबून J वर मिळतो, फोनच्या बऱ्याच मराठी कीबोर्डवर र दाबून धरल्यावर.

ॲ बद्दल मी जरा वेगळा सल्ला देईन. ज्यांच्याकडे तो चौकोन दिसतो त्यांच्यासाठी अ वर अर्धचंद्र जोडून काम भागवायची पद्धत जुनी आहे, पण त्याच जोडणीला काही नवे फोन ठिपक्यांचं वर्तुळ लावतात. एकीकडचं सावरायला जावं तर दुसरीकडे बिघडतं. शक्य असेल तर शब्दच बदला: "ॲडव्हान्स" ऐवजी "आगाऊ रक्कम", "ॲड्रेस" ऐवजी "पत्ता".

## ७. मराठी पोचतच नसेल तेव्हा

सगळे चौकोन दिसत असतील तर वरची कसलीच काटकसर उपयोगाची नाही. तिथे पुढच्या क्रमाने जा.

पहिला पर्याय फोन करणं. छोट्या उत्तराला तो सगळ्यात कमी कटकटीचा, आणि फोन करून सांगितल्यावर आकड्यांपुरता एक रोमन एसएमएस पाठवला की नोंदही राहते.

दुसरा पर्याय रोमन लिपीत मराठी: `Arj pochla. Mul kagad gheun somvari sakali 11 vajta karyalayat ya.` यात ७० ऐवजी १६० अक्षरांची मुभा मिळते. फक्त कुठूनतरी चिकटवलेलं वळणदार अवतरणचिन्ह किंवा इमोजी यात येऊ देऊ नका. असं एक चिन्ह आलं तरी मर्यादा पुन्हा ७० होते. आणि समोरच्याला रोमन वाचता येतं का हे आधी विचारा, गृहीत धरू नका.

तिसरा पर्याय उत्तराचं चित्र करून पाठवणं. जुन्या स्मार्टफोनवर ते हमखास वाचता येतं, पण पट्टी अरुंद ठेवा आणि अक्षर मोठं, नाहीतर छोट्या पडद्यावर दर ओळीला डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. चित्रातला फोन नंबर दाबून कॉल लागत नाही, म्हणून नंबर वेगळ्या मेसेजमध्ये मजकूर म्हणूनही पाठवा. दृष्टी अधू असलेल्या, फोनकडून वाचून घेणाऱ्या माणसाला चित्र पाठवू नका, त्याला त्यात काहीच ऐकू येणार नाही.

ज्या माणसाशी पुन्हा पुन्हा संपर्क येणार आहे त्याच्या नावापुढे निदान लिहून ठेवा: "चौकोन", "वेलांटी पळते", "फक्त ॲ नाही" किंवा "ठीक". सोबत तारीखही टाका. माणसं फोन बदलतात, आणि वर्षभरापूर्वीच्या शेऱ्यावरून एखाद्याला विनाकारण रोमनमध्ये उत्तरं जात राहतात. उत्तरांत ठिपक्यांची वर्तुळं यायची थांबली की चाचणीची ओळ पुन्हा एकदा पाठवून शेरा बदला.